नाव तेच, कोड तोच, जिल्हा मात्र वेगळा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. त्या दिवशी वसईतल्या किंवा डहाणूतल्या कुणी घर बदलले नाही, की शेतीचा बांध सरकला नाही. पण ठाणे जिल्ह्याचे आकडे ज्या ज्या डॅशबोर्डवर दिसत होते, तिथे त्या महिन्यापासून एक विचित्र गोष्ट दिसू लागणार होती. दर महिन्याच्या जन्मनोंदींची रेघ घ्या. जुलैपर्यंत ती जवळपास सपाट चालली आहे आणि ऑगस्टमध्ये एकदम चौथ्या हिश्श्याहून जास्त खाली येते. पाहणाऱ्याला वाटते, नोंदी होत नाहीत, कर्मचारी संपावर गेले असावेत, नाहीतर माहितीच आलेली नाही. प्रत्यक्षात काहीच बिघडलेले नसते. ‘ठाणे’ या शब्दाचा अर्थ तेवढा बदललेला असतो.

नकाशावर आधारलेला डॅशबोर्ड म्हणजे आतून दोन वस्तूंची जोडणी. एका बाजूला आकड्यांचा तक्ता असतो, दुसऱ्या बाजूला जिल्ह्यांच्या आकृत्यांची फाइल. दोन्हींत एक सामायिक रकाना असतो, जिल्ह्याचे नाव किंवा कोड. त्या रकान्यावरून संगणक ठरवतो की कोणता आकडा कोणत्या आकृतीत भरायचा. स्रोताकडून येणाऱ्या माहितीत जिल्ह्याचे नाव किंवा सीमा बदलली की नेमका हाच सांधा निखळतो. नाव बदलणे आणि सीमा बदलणे हे मात्र दोन वेगळे आजार आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर रोग बरा होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

नाव बदलते तेव्हा

आधी सोपा आजार घेऊ. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव झाले. जिल्ह्यांची नावे बदलल्याची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. म्हणजे मधले काही महिने शहराचे नाव एक आणि जिल्ह्याचे दुसरे होते. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. या तिन्ही बदलांत जिल्ह्याची जमीन तीच राहिली आणि लोकही तेच राहिले. बदलली ती फक्त पाटी.

जोडणी नावावरून केली असेल, तर पाटी बदलताच नकाशावर तो जिल्हा पांढरा पडतो. आकडे ‘Chhatrapati Sambhajinagar’ या नावाने आलेले असतात आणि आकृतीच्या फाइलीत अजून ‘Aurangabad’ असते. सगळ्या विभागांनी एकाच दिवशी एकाच स्पेलिंगने नवे नाव घेतले असते, तरी काम सोपे झाले असते. तसे होत नाही. एका तक्त्यात ‘Chh. Sambhajinagar’ येते, दुसऱ्यात ‘Sambhaji Nagar’ असे तोडून लिहिलेले असते, तिसऱ्यात जुनेच नाव वर्षभर चालू राहते. कधी एकाच तक्त्यात जुने आणि नवे अशा दोन्ही नावांच्या ओळी सापडतात, कारण वर्षाच्या मध्यावर कुणीतरी नाव बदललेले असते. मग एकच जिल्हा दोन अर्ध्या जिल्ह्यांसारखा दिसतो.

अशा वेळी पहिला मोह होतो तो ‘शोधा आणि बदला’ करण्याचा. ‘Aurangabad’ दिसेल तिथे नवे नाव घालायचे आणि मोकळे व्हायचे. पण औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे आणि त्याचे नाव बदललेले नाही. देशभराच्या तक्त्यावर ही आज्ञा चालवली, तर बिहारमधला एक जिल्हा मराठवाड्यात येऊन पडतो. दुसरा मोह असतो मिळत्याजुळत्या स्पेलिंगवरून नावे आपोआप जुळवण्याचा. २०११ च्या जनगणनेत आपल्या रायगडचे स्पेलिंग ‘Raigarh’ असे छापले आहे आणि छत्तीसगडमध्येही रायगढ जिल्हा आहे. जवळच्या स्पेलिंगवर विसंबलात तर दोन राज्यांतले दोन जिल्हे एकमेकांच्या जागी बसू शकतात. उलट ‘Osmanabad’ आणि ‘Dharashiv’ यांच्या अक्षरांत काहीच साम्य नाही, तरी जिल्हा एकच आहे. दोन नावे एकाच जिल्ह्याची आहेत का, हे अक्षरांच्या साम्यावरून ठरत नाही. ते राजपत्र पाहूनच ठरते.

म्हणून जोडणी कोडवरून करायची. भारतात यासाठी पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका आहे, कामातले लोक तिला ‘एलजीडी’ म्हणतात. तिथे प्रत्येक जिल्हा, तालुका आणि गावाला एक अंक दिलेला आहे आणि नाव बदलले तरी तो अंक बदलत नाही. उस्मानाबादचा कोड ४८८ होता, धाराशिवचाही ४८८ च आहे. डॅशबोर्डजवळ पर्यायी नावांचा एक छोटा तक्ता ठेवायचा. त्यात राज्याचा कोड, आलेले नाव आणि जिल्ह्याचा कोड हे तीन रकाने पुरतात.

```
state  alias                      lgd
27     Osmanabad                  488
27     Dharashiv                  488
27     Aurangabad                 469
27     Chhatrapati Sambhajinagar  469
27     Chh. Sambhajinagar         469
27     Bid                        470
27     Beed                       470
```

स्रोताच्या फाइलीला हात लावायचा नाही. ती जशी आली तशी जपून ठेवायची आणि आत घेताना या तक्त्यातून गाळायची. जे नाव तक्त्यात सापडणार नाही, ते माणसापुढे यायला हवे. संगणकाने ते आपल्या मनाने कुठेतरी चिकटवू नये. सापडलेले प्रत्येक नवे स्पेलिंग ही एक नवी ओळ असते. वर्षभरात हा तक्ता जवळजवळ पूर्ण होतो आणि मग त्रास संपतो.

कोड वापरतानाही एक खड्डा आहे, आणि अनुभवी माणसेही त्यात पडतात. जनगणनेचे कोड वेगळे आणि एलजीडीचे वेगळे, पण दोन्ही तीन अंकी आहेत आणि महाराष्ट्रात ते एकमेकांत मिसळतात. २०११ च्या जनगणनेत ४९७ म्हणजे नंदुरबार, एलजीडीत ४९७ म्हणजे ठाणे. जनगणनेचा ४९८ म्हणजे धुळे, एलजीडीचा ४९८ म्हणजे वर्धा. आकडे एका पद्धतीचे आणि आकृत्या दुसऱ्या पद्धतीच्या घेतल्या, तर बहुतेक जिल्हे पांढरे पडतात, पण हे मोजके जिल्हे मात्र थाटात रंगलेले दिसतात. फक्त नंदुरबारचा आकडा ठाण्यावर बसलेला असतो. म्हणून रकान्याचे नाव नुसते `code` ठेवू नये, `lgd_code` किंवा `census2011_code` असे स्पष्ट ठेवावे.

सीमा बदलते तेव्हा

इथवर वाचून वाटेल की कोड धरला की काम झाले. ठाण्याकडे पाहिले की हा भ्रम फिटतो.

पालघरला एलजीडीत नवा कोड मिळाला, ६६५. तो जुन्या नकाशात नसल्यामुळे जोडणी होत नाही, तपासणीत ती ओळ लगेच बाहेर पडते आणि आपण जागे होतो. ठाण्याचा कोड मात्र विभाजनाआधीही ४९७ होता आणि नंतरही ४९७ च राहिला. नावही तेच. त्यामुळे ठाण्याची ओळ कोणत्याही तपासणीत अडकत नाही. जुन्या आकृतीत नवा आकडा निमूट जाऊन बसतो आणि नकाशावर डहाणूपासून अंबरनाथपर्यंतचा सगळा पट्टा नव्या, लहान झालेल्या ठाण्याच्या आकड्याने रंगतो. नाव बदलले की डॅशबोर्ड ओरडतो, नवा जिल्हा आला की ओरडतो, पण नाव आणि कोड तेच राहून आतला प्रदेश बदलला की तो गप्प बसतो. या विषयातली सर्वांत जपण्याची जागा हीच आहे.

बदल किती मोठा होता ते पाहू. अविभाजित ठाण्याचे क्षेत्रफळ ९,५५८ चौरस किलोमीटर होते आणि २०११ ची लोकसंख्या १,१०,६०,१४८. विभाजनात पंधरापैकी आठ तालुके पालघरकडे गेले: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा. ठाण्याकडे ठाणे, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर, उल्हासनगर आणि अंबरनाथ हे सात राहिले. पालघरला ५,३४४ चौरस किलोमीटर मिळाले, म्हणजे निम्म्याहून जास्त जमीन. लोकसंख्या मात्र २९,९०,११६, म्हणजे सुमारे २७ टक्के. सुरुवातीला सांगितलेली रेघेची घसरण इथून येते.

यावर उपाय म्हणजे कोडला तारखेची जोड देणे. ‘ठाणे’ हा एक जिल्हा न मानता दोन मानायचे, ३१ जुलै २०१४ पर्यंतचा आणि त्यानंतरचा.

```
geo_id  lgd  name     valid_from  valid_to
497-v1  497  Thane    2011-03-01  2014-07-31
497-v2  497  Thane    2014-08-01  9999-12-31
665-v1  665  Palghar  2014-08-01  9999-12-31
```

पहिली तारीख १ मार्च २०११ आहे, कारण आपण धरलेल्या डॅशबोर्डची माहिती जनगणनेच्या त्या संदर्भदिवसापासून सुरू होते. शेवटची तारीख दूरची ठेवली आहे, म्हणजे ‘अजून चालू’. आता आकृतीची जोडणी `lgd` वर न करता `geo_id` वर करायची. धाराशिवला मात्र दुसरी आवृत्ती द्यायची नाही. तिथे फक्त नावाची पाटी बदलते आणि रेघ २०११ पासून आजपर्यंत अखंड चालते. नवी आवृत्ती केव्हा काढायची, याचा नियम एका वाक्याचा आहे: प्रदेश बदलला तर काढायची, नाव बदलले तर नाही.

जोडायचे की तोडायचे

आवृत्त्या केल्या म्हणजे चूक थांबली, पण पाहणाऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. त्याला २०११ आणि २०२० यांची तुलना हवी असते. त्यासाठी दोन्ही काळ एकाच सीमांवर आणावे लागतात आणि ते करण्याच्या वाटा दोनच आहेत.

पहिली वाट जोडण्याची. विभाजनानंतरचे ठाणे आणि पालघर यांचे आकडे एकत्र करून ‘जुने ठाणे’ पुन्हा उभे करायचे. मोजलेल्या संख्यांसाठी हे काम बिनचूक होते. ८०,७०,०३२ आणि २९,९०,११६ मिळून बरोबर १,१०,६०,१४८ होतात, एक माणूस कमी नाही की जास्त नाही. दोष एवढाच की नकाशा जुना राहतो आणि पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात बसलेल्या माणसाला आपला जिल्हा दिसतच नाही.

दुसरी वाट तोडण्याची, म्हणजे जुन्या ठाण्याचा आकडा नव्या दोन जिल्ह्यांत वाटायचा. इथे बहुतेक चुका होतात. सर्वांत सहज सुचणारी पद्धत म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी, कारण नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती तयार मिळते. पालघरकडे ५६ टक्के जमीन आहे, म्हणून ५६ टक्के लोक त्याला द्यायचे. हिशेब केला तर पालघरची २०११ ची लोकसंख्या सुमारे ६१ लाख ८० हजार येते. खरी आहे २९ लाख ९० हजार. आकडा दुपटीहून जास्त फुगला, कारण ठाणे, कल्याण, उल्हासनगरची दाटी आणि मोखाडा-जव्हारचे डोंगर एकाच मापाने मोजले गेले. माणसे जमिनीवर सारखी पसरलेली नसतात.

मग लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावे का? एकूण लोकसंख्येसाठी ते चालते, बाकी गोष्टींसाठी फसवते. अविभाजित ठाण्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे १४ टक्के होते. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले तर दोन्ही जिल्ह्यांना १४ टक्केच येतात आणि पालघरच्या वाट्याला साधारण चार लाख वीस हजार आदिवासी. प्रत्यक्षात त्याच जनगणनेनुसार पालघरच्या प्रदेशात हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते, म्हणजे अकरा लाखांहून जास्त माणसे, आणि उरलेल्या ठाण्यात जेमतेम ५ टक्के. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू हा सगळा आदिवासी पट्टा एका बाजूला गेला होता. वाटणीच्या सोयीच्या सूत्राने सात लाख माणसे कागदावर डोंगरातून उचलून शहरात नेऊन ठेवली असती.

खरा मार्ग एकच आहे: एक पायरी खाली उतरायचे. ठाण्याचे विभाजन तालुक्यांच्या सीमांवरून झाले, एकही तालुका मधून चिरला नाही. त्यामुळे तालुक्याचे आकडे हाती असतील तर वाटणी करावीच लागत नाही, नव्याने बेरीज करावी लागते. वसई १३,४३,४०२, पालघर ५,५०,१६६, डहाणू ४,०२,०९५, वाडा १,७८,३७०, तलासरी १,५४,८१८, जव्हार १,४०,१८७, विक्रमगड १,३७,६२५, मोखाडा ८३,४५३. बेरीज करून पाहा, २९,९०,११६ येते. आदिवासींची संख्या, साक्षरांची संख्या, घरांची संख्या, सगळे याच रीतीने मिळते. म्हणून डॅशबोर्ड जिल्ह्याचा असला तरी पोटात तालुक्याचे आकडे साठवावेत. उद्या आणखी एखादा जिल्हा फुटला तर तालुक्यापुढचा जिल्ह्याचा कोड बदलला की काम होते.

टक्केवारीबाबत एक सावधगिरी मात्र बाळगावीच लागते. टक्के कधी जोडायचे नाहीत आणि त्यांची सरळ सरासरीही काढायची नाही. समजा, एखादी गोष्ट ठाण्यात ४० टक्के घरांत आहे आणि पालघरमध्ये ६० टक्के घरांत. सरळ सरासरी ५० येते. पण ठाणे खूप मोठे आहे. दोन्हीकडच्या लोकसंख्येचे वजन धरले तर एकत्रित आकडा साधारण ४५ येतो. वजनही मोजल्या जाणाऱ्या गोष्टीचेच हवे: घरांची टक्केवारी असेल तर घरांचे, बालकांची असेल तर बालकांचे. म्हणून शक्य असेल तिथे अंश आणि छेद वेगवेगळे साठवावेत आणि भागाकार सर्वांत शेवटी करावा.

आकडा कोणत्या नकाशाचा

तारखेची जोड दिली की आकडा आपोआप योग्य आवृत्तीला जाऊन मिळेल, असे वाटते. इथे आणखी एक अडचण उभी राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी २०१५-१६ मध्ये झाली. पालघर तेव्हा जिल्हा होऊन वर्ष उलटले होते. तरी त्या फेरीत पालघर नाही, कारण ती २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर आखली होती. म्हणजे २०१५-१६ चा ‘ठाणे’ हा जुना, अविभाजित ठाणे आहे. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ३१ मार्च २०१७ च्या सीमांप्रमाणे ७०७ जिल्हे घेतले आणि पालघर वेगळा आला. तारखेवर विसंबलेला डॅशबोर्ड चौथ्या फेरीचा आकडा `497-v2` ला देईल आणि दोन फेऱ्यांमध्ये ठाण्याची मोठी प्रगती दाखवील. त्या प्रगतीचा एक भाग खरा असेल आणि एक भाग एवढाच की आदिवासी तालुके हिशेबातून निघून गेले.

या सर्वेक्षणात खाली उतरण्याची वाटही बंद असते. त्याचा नमुना जिल्ह्यासाठी काढलेला असतो, तालुक्यासाठी नाही. त्यामुळे चौथ्या फेरीतले ठाणे फोडून पालघर काढता येत नाही. तुलना करायची तर पाचव्या फेरीचे ठाणे आणि पालघर योग्य वजनाने जोडायचे आणि जुन्या ठाण्याशी ताडायचे. पालघरच्या जागी चौथ्या फेरीसाठी आकडा दाखवायचाच नाही. म्हणून प्रत्येक ओळीत दोन वेगळे रकाने हवेत: माहिती कोणत्या काळाची, आणि ती कोणत्या तारखेच्या सीमांवर गोळा केली.

हा दुसरा रकाना भरताना कधी कधी कळते की स्रोताची सीमा महसुली जिल्ह्याची नाहीच. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. त्यातले मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आहे आणि वसई-विरार पालघर जिल्ह्यात. पोलिसांचे आकडे अशा घटकाप्रमाणे आले तर ते पूर्णपणे कोणत्याच जिल्ह्याचे नसतात. ते जिल्ह्याच्या आकृतीत कोंबू नयेत. पोलीस ठाण्यांप्रमाणे माहिती मिळवावी, नाहीतर या आकड्यांचा नकाशा वेगळा ठेवावा.

आकृत्यांची फाइल

आकडे नीट झाले की आकृत्यांची पाळी. घाईत होणारी चूक ही, की पालघरची आकृती कुठून तरी मिळवून जुन्या फाइलीत भर घातली जाते आणि ठाण्याची जुनी आकृती तशीच राहते. मग पालघर ठाण्याच्या पोटात काढलेला असतो. तलासरीवर बोट टेकवले की कधी पालघर उघडतो, कधी ठाणे, जी आकृती वर असेल त्याप्रमाणे. दोन वेगळ्या स्रोतांच्या आकृत्या शेजारी ठेवल्या तर सीमारेषा तंतोतंत जुळत नाहीत. काही ठिकाणी बारीक पांढऱ्या फटी राहतात, काही ठिकाणी आकृत्या एकमेकांवर चढतात.

त्यापेक्षा तालुक्यांची एकच फाइल घ्यावी, प्रत्येक तालुक्यापुढे २०१४ नंतरचा जिल्हा लिहावा आणि एका जिल्ह्याचे तालुके एकत्र विरघळवावेत. मॅपशेपर या मोफत साधनात ही एका ओळीची आज्ञा आहे.

```
mapshaper talukas.geojson -dissolve dist_2014 -simplify 10% keep-shapes -o districts_2014.geojson
```

आधी विरघळवणे आणि मग सगळ्या आकृत्या एकत्र साध्या करणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. सामायिक सीमा दोन्ही बाजूंनी एकदाच साधी होते, म्हणून फटी पडत नाहीत. नवी फाइल जुन्या नावाने जुन्या फाइलीवर लिहू नये. जुनी `districts_2011.geojson` राहू द्यावी, कारण २०११ चे आकडे दाखवायला तिचीच गरज आहे. शिवाय फाइलीचे नाव नवे असले की ब्राउझर साठवून ठेवलेली जुनी आकृती पुढे करत नाही.

रिफ्रेशच्या दिवशी

नवी माहिती आली की ती लगेच पडद्यावर जाऊ देऊ नये. आधी या वेळच्या घटकांची यादी गेल्या वेळच्या यादीशी ताडायची. कोणते कोड नव्याने आले, कोणते गायब झाले आणि कोणत्या कोडपुढचे नाव बदलले, या तीन छोट्या याद्या निघतात. पालघर पहिल्या यादीत येईल, धाराशिव तिसऱ्या. पहिल्या यादीत काही सापडले की थांबायचे आणि विचारायचे: हा प्रदेश कुणाच्या पोटातून निघाला? उत्तरात ज्या जिल्ह्याचे नाव येईल, तोच गप्प बसलेला ठाणे. त्याची नवी आवृत्ती काढायची.

त्यानंतर जोडणी दोन्ही दिशांनी तपासायची. आकडा आहे पण आकृती नाही, अशा ओळी ही आज्ञा दाखवते.

```sql
SELECT d.geo_id, SUM(d.value)
FROM   facts d
LEFT JOIN shapes s ON s.geo_id = d.geo_id
WHERE  s.geo_id IS NULL
GROUP BY d.geo_id;
```

दोन्ही तक्त्यांची जागा बदलून आकडा नसलेल्या आकृत्या शोधायच्या. मग राज्याची बेरीज पाहायची. स्रोतातली एकूण आणि नकाशावर पोचलेली एकूण सारखी हवी. कमी भरली तर काही जिल्हे जोडणीत गळाले. जास्त भरली तर एखाद्या जिल्ह्याला दोन आकृत्या मिळाल्या आणि त्याचा आकडा दोनदा मोजला गेला. ठाण्याच्या दोन आवृत्त्या असताना कुणी चुकून नुसत्या ४९७ वर जोडणी केली की नेमके हेच होते.

शेवटी पडद्यावरच्या गोष्टी. कुणीतरी गाळणीत ‘Osmanabad’ निवडून ती साठवून ठेवलेली असते. नाव बदलल्यावर ती गाळणी चूक दाखवत नाही, रिकामा तक्ता दाखवते. गाळणीही कोडवर चालवली तर हा प्रश्न येत नाही. रंगांच्या पायऱ्याही पाहाव्या लागतात. पाच रंग आणि प्रत्येक रंगात सारखे जिल्हे अशी मांडणी असेल, तर ३५ जिल्ह्यांचे सात-सातचे पाच गट पडतात. छत्तिसावा आला की गट सरकतात आणि दूरच्या एखाद्या जिल्ह्याचा रंग त्याचा आकडा न बदलता बदलतो. रंगांच्या सीमा ठरावीक आकड्यांवर बांधून ठेवल्या की हा भास होत नाही.

लवकरच या सगळ्याची परीक्षा आहे. १ मार्च २०२७ या संदर्भदिवसाच्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवण्याचे ठरले. ते आकडे येताच प्रत्येक जण त्यांची २०११ शी तुलना करील. २०११ च्या यादीत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत. नव्या यादीत पालघर असेल, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर असतील. ठाण्याच्या नावापुढे सोळा वर्षांतली ‘लोकसंख्यावाढ’ काढताना कुणी १,१०,६०,१४८ हा आकडा आधार म्हणून घेतला, तर वाढणारे ठाणे कागदावर आक्रसलेले किंवा जागीच थांबलेले दिसेल. आधार ८०,७०,०३२ हाच हवा.

आणि २०११ चा जिल्हावार नकाशा उघडल्यावर पालघरच्या जागी काय दिसावे? बहुतेक डॅशबोर्ड तिथे करडा रंग भरतात आणि खाली ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहितात. ते चूक आहे. माहिती उपलब्ध होती. मोखाड्याच्या ८३,४५३ माणसांची गणना त्या जनगणनेत झालेली होती, फक्त ती ठाण्याच्या नावाखाली होती. म्हणून तिथे रेघारेघांचा वेगळा रंग द्यावा आणि खाली लिहावे: ‘हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ चे आकडे त्याच्या आठ तालुक्यांची बेरीज आहेत.’ ही दोन वाक्ये वाचली की पालघरचा माणूस आपल्या जिल्ह्याचा २०११ चा आकडा स्वतः पडताळून पाहू शकतो.